विखुरलेल्या बिंदूंमधून रिग्रेशन रेषा कशी काढली जाते : सात गावांचे एक उदाहरण

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या महाविद्यालयात समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याची रिग्रेशनशी, म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज करणारी रेषा काढण्याच्या पद्धतीशी, पहिली भेट बहुधा लघुप्रबंधाच्या वेळी होते, आणि तीही संगणकाने तयार करून दिलेल्या तक्त्याच्या रूपात. तक्त्यात उतार असतो, आंतरछेद असतो, आणखी बरेच आकडे असतात. पण ती रेषा त्याच जागी का पडली, थोडी वर किंवा थोडी तिरपी का नाही, हे तक्ता सांगत नाही. या लेखात सहा गावांच्या आकड्यांवरून ती रेषा कागदावर, हाताने काढायची आहे. त्यानंतर सातवे गाव त्यात घालून रेषेचे काय होते ते पाहायचे आहे, कारण रेषा नेमकी कोणाचे ऐकते हे त्या सातव्या गावामुळेच नीट कळते.

प्रश्न असा घेऊ. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात पुष्कळ गावांतील प्राथमिक शाळा सातवीपर्यंत असते आणि आठवीसाठी मुलांना दुसऱ्या गावच्या हायस्कुलात जावे लागते. हायस्कूल जितके दूर, तितके मुलींचे शिक्षण कमी, असे सगळेच म्हणतात. हे म्हणणे आकड्यांत मांडायचे, तर एका किलोमीटरमागे किती शिक्षण कमी होते, हे विचारावे लागेल. खालचे आकडे सरावासाठी रचलेले आहेत, कोणत्याही प्रत्यक्ष गावाचे नाहीत, आणि म्हणून गावांना नावांऐवजी अक्षरे दिली आहेत.

| गाव | हायस्कूलचे अंतर (किमी) | मुलींच्या शिक्षणाची सरासरी वर्षे |
|---|---|---|
| क | १ | ९ |
| ख | २ | १२ |
| ग | ४ | ११ |
| घ | ६ | ८ |
| च | ८ | ७ |
| छ | ९ | ७ |

शिक्षणाची वर्षे म्हणजे पूर्ण केलेल्या इयत्ता : सात म्हणजे सातवी, दहा म्हणजे एसएसएलसी, बारा म्हणजे पीयूसीचे दुसरे वर्ष. आता रेषेपूर्वीची एक गोष्ट, जी चुकली तर पुढचे सगळे गणित अचूक असूनही फुकट जाते. ही सरासरी कोणाची? आज गावात राहणाऱ्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांना विचारले, तर त्यांतल्या बऱ्याच जणी लग्न होऊन त्या गावात आलेल्या असतील, आणि त्यांची शाळा माहेरी झालेली असेल. सासरच्या गावापासून हायस्कूल किती दूर आहे याचा त्यांच्या शिक्षणाशी काहीही संबंध नाही. म्हणून येथे त्या गावात वाढलेल्या मुली धरल्या आहेत, मग त्या आज तेथे असोत वा सासरी गेलेल्या असोत, आणि माहिती त्यांच्या माहेरच्या घरी विचारायची आहे.

पहिली पायरी : बिंदू मांडणे

आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर शिक्षणाची वर्षे घ्यावीत. ज्याच्यामुळे फरक पडतो असे आपण समजतो ते आडवे, आणि ज्यात फरक पडतो ते उभे, हा संकेत आहे. पण तो केवळ शिस्तीचा भाग नाही, कारण अक्ष बदलले की रेषाही बदलते, हे पुढे दिसेलच. सहा बिंदू मांडले की ते डावीकडून उजवीकडे उतरताना दिसतात, फक्त क हे गाव अपेक्षेपेक्षा खाली बसलेले आहे.

आता दोन्ही सरासऱ्या काढाव्यात. अंतरांची बेरीज ३०, म्हणून सरासरी ५ किलोमीटर. वर्षांची बेरीज ५४, म्हणून सरासरी ९ वर्षे. अंतर ५ आणि शिक्षण ९ हा बिंदू कागदावर वेगळ्या रंगाने दाखवावा. त्या ठिकाणी कोणतेही गाव नाही, तरीही आपली रेषा त्या बिंदूतून जाणार हे आताच ठरलेले आहे. एक काळा दोरा ताणून तो या बिंदूवर टाचणीने अडकवला, तर दोरा फक्त फिरू शकतो, वरखाली सरकू शकत नाही. राहिलेला प्रश्न एवढाच, की तो किती फिरवायचा.

दुसरी पायरी : चांगली रेषा म्हणजे काय, हे ठरवणे

नजरेने दोरा लावणाऱ्या दोघांचे दोरे सारखे लागणार नाहीत. समजा, एका विद्यार्थ्याने लावलेल्या दोऱ्याचे समीकरण असे निघाले : शिक्षण = १२ − ०.६ × अंतर. ही रेषा बरी आहे की वाईट, हे ठरवायला प्रत्येक गावासाठी रेषेने सांगितलेली वर्षे आणि प्रत्यक्ष वर्षे यांतील फरक मोजायचा. हा फरक उभ्या दिशेने मोजतात, रेषेवर लंब टाकून नव्हे. कारण साधे आहे : अंतर आपल्याला ठाऊक आहे आणि त्यावरून शिक्षणाचा अंदाज करायचा आहे, तेव्हा चूक होणार ती शिक्षणाच्या वर्षांत.

क गावासाठी ही रेषा ११.४ वर्षे सांगते आणि प्रत्यक्षात ९ आहेत, म्हणून फरक −२.४. त्याच रीतीने ख चा १.२, ग चा १.४, घ चा −०.४, च चा −०.२ आणि छ चा ०.४. या सहा फरकांची बेरीज केली तर शून्य येते. विद्यार्थी येथे खूश होतो : अधिक चुका आणि उणे चुका बरोबर फिटल्या, म्हणजे रेषा अचूक असली पाहिजे. पण सरासरीच्या बिंदूतून जाणाऱ्या कोणत्याही रेषेची अशी बेरीज शून्यच येते. नऊ वर्षांवर आडवी रेषा मारून अंतराचा शिक्षणाशी काहीच संबंध नाही असे म्हटले, तरीही चुकांची बेरीज शून्यच असेल. बेरीज शून्य होणे ही परीक्षा सगळेच उत्तीर्ण होतात, म्हणून तिचा निवडीसाठी उपयोग नाही.

उपाय असा, की प्रत्येक फरकाचा वर्ग करायचा आणि मग बेरीज करायची, म्हणजे उणे चिन्ह जाते आणि चुका एकमेकींना फेडू शकत नाहीत. आडव्या रेषेसाठी ही बेरीज २२ येते. विद्यार्थ्याच्या रेषेसाठी ती ९.५२ येते, म्हणजे तिने पुष्कळच सुधारणा केली. ज्या रेषेसाठी ही बेरीज सर्वांत लहान येईल ती आपली रेषा, असे ठरवणे म्हणजेच लघुतम वर्ग पद्धत. ती लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षा ठरवताना छापून मांडली आणि गाऊस याने १८०९ मध्ये तिला संभाव्यतेचा पाया दिला.

वर्गच का, चिन्ह सोडून नुसता फरक का नाही, अशी शंका रास्त आहे. तसेही करता येते, आणि एखाद्याच गावाची वर्षे फार वेगळी असतील तेव्हा ती पद्धत कमी डगमगते. पण वर्ग घेतले की उत्तर एकच येते आणि ते थेट सूत्राने निघते. नुसते फरक घेतले तर कधी कधी अनेक रेषा सारख्याच चांगल्या ठरतात. वर्ग घेण्याची किंमतही लक्षात ठेवावी : दोन वर्षांची चूक एका वर्षाच्या चुकीच्या चौपट मोजली जाते, त्यामुळे ही रेषा मोठ्या चुका टाळण्यासाठी धडपडते.

तिसरी पायरी : उतार काढणे

प्रत्येक गाव सरासरीपासून किती दूर आहे ते दोन्ही अक्षांवर लिहावे. अंतरातून ५ वजा करायचे आणि वर्षांतून ९ वजा करायचे.

| गाव | अंतराचे विचलन | वर्षांचे विचलन | दोहोंचा गुणाकार | अंतराच्या विचलनाचा वर्ग |
|---|---|---|---|---|
| क | −४ | ० | ० | १६ |
| ख | −३ | ३ | −९ | ९ |
| ग | −१ | २ | −२ | १ |
| घ | १ | −१ | −१ | १ |
| च | ३ | −२ | −६ | ९ |
| छ | ४ | −२ | −८ | १६ |
| बेरीज | ० | ० | −२६ | ५२ |

गुणाकारांच्या बेरजेला वर्गांच्या बेरजेने भागले की उतार मिळतो : −२६ भागिले ५२, म्हणजे −०.५. एवढेच सूत्र आहे, आणि पाठ्यपुस्तक बहुधा येथेच थांबते. पण याच तक्त्याकडे दुसऱ्या बाजूने पाहिले, तर रेषा कशी ठरते हे डोळ्यांना दिसते.

सरासरीच्या बिंदूपासून प्रत्येक गावापर्यंत एक सरळ रेघ ओढा. प्रत्येक रेघेचा स्वतःचा उतार आहे. ख गावाची रेघ तीन किलोमीटर डावीकडे जाताना तीन वर्षे वर चढते, म्हणजे तिचा उतार −१. ग ची रेघ एका किलोमीटरमागे दोन वर्षे चढते, म्हणजे −२. घ ची −१, च ची साधारण −०.६७, छ ची −०.५, आणि क ची रेघ अगदी आडवी, म्हणजे शून्य. जणू प्रत्येक गाव आपल्यापुरते सांगते आहे, की किलोमीटरमागे शिक्षण किती घटते. या सहा मतांमधून एक मत बनवायचे आहे. साधी सरासरी घेतली तर −०.८६ येईल, आपली रेषा मात्र −०.५ म्हणते, कारण ती सर्व मतांना सारखे वजन देत नाही. प्रत्येक मताचे वजन म्हणजे शेवटच्या स्तंभातील आकडा, अंतराच्या विचलनाचा वर्ग. ग आणि घ सरासरी अंतराच्या अगदी जवळ आहेत, म्हणून त्यांचे वजन प्रत्येकी ५२ पैकी १. क आणि छ दोन टोकांना आहेत, म्हणून त्यांचे वजन प्रत्येकी १६, म्हणजे दोघांचे मिळून साठ टक्क्यांहून अधिक. ग गावाचे मत सगळ्यांत टोकाचे आहे, पण ते जवळजवळ ऐकलेच जात नाही.

यात अन्याय नाही, त्यामागे कारण आहे. सरासरीपासून एकाच किलोमीटरवर असलेल्या गावात शिक्षण दोन वर्षांनी जास्त असणे, हे एखाद्या मेहनती मुख्याध्यापकामुळेही होऊ शकते. एवढ्या छोट्या अंतरावरून उताराचा अंदाज करणे धोक्याचे असते. चार किलोमीटरवर तोच योगायोग चारांत वाटला जातो. म्हणून रेषा दूरच्या बिंदूंवर जास्त विश्वास ठेवते. पण हा विश्वास आडव्या दिशेच्या दुराव्यावर आहे, त्या बिंदूच्या खरेपणावर नाही, आणि नेमकी येथेच पुढची अडचण दडलेली आहे.

आता आंतरछेद, म्हणजे अंतर शून्य असताना रेषा सांगते ती वर्षे. रेषा सरासरीच्या बिंदूतून जाते, म्हणून ९ मध्ये ०.५ गुणिले ५ मिळवायचे, उत्तर ११.५. समीकरण झाले :

शिक्षण = ११.५ − ०.५ × अंतर

याचे वाचन असे करावे : हायस्कूल एक किलोमीटर अधिक दूर असलेल्या गावात मुलींचे शिक्षण सरासरीने अर्धे वर्ष कमी आढळते. ‘हायस्कूल एक किलोमीटर जवळ आणले तर शिक्षण अर्ध्या वर्षाने वाढेल’ हे वेगळे विधान आहे आणि आपल्या आकड्यांनी ते सिद्ध होत नाही, कारण दूरच्या गावांत बस कमी, शेती कोरडवाहू आणि पावसाळ्यात ओढे भरणारे असे बाकीचेही फरक असू शकतात. आंतरछेद ११.५ म्हणजे हायस्कूल गावातच असेल तर रेषेने सांगितलेली वर्षे. क आणि ख ही गावे शून्याच्या जवळ असल्यामुळे येथे तो अर्थ चालतो. प्रत्येक वेळी चालतोच असे नाही.

चौथी पायरी : उरलेले फरक तपासणे

नव्या रेषेने सांगितलेली वर्षे क्रमाने ११, १०.५, ९.५, ८.५, ७.५ आणि ७ अशी येतात. प्रत्यक्ष वर्षांतून ती वजा केली की −२, १.५, १.५, −०.५, −०.५ आणि ० उरतात. यांची बेरीज शून्य, आणि वर्गांची बेरीज ९, म्हणजे नजरेने लावलेल्या दोऱ्याच्या ९.५२ पेक्षा कमी. आणखी एक पडताळा आहे, जो पुष्कळ जण करत नाहीत : प्रत्येक उरलेल्या फरकाला त्या गावाच्या अंतराच्या विचलनाने गुणून बेरीज करा. ८, −४.५, −१.५, −०.५, −१.५ आणि ० यांची बेरीजही शून्य येते. सरासरीतून जाणाऱ्या सगळ्या रेषांमध्ये ही दुसरी बेरीज फक्त एकाच रेषेसाठी शून्य होते, आणि तीच लघुतम वर्गांची रेषा. हाताने गणित करताना कुठे चूक झाली असेल, तर ती येथे पकडली जाते.

हे फरक म्हणजे गणिताचा गाळ समजून टाकून देऊ नयेत; समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याचे खरे काम तेथूनच सुरू होते. क गावापासून हायस्कूल एका किलोमीटरवर आहे आणि तरीही तेथील मुली रेषेपेक्षा दोन वर्षे मागे आहेत. तेथे मुली लवकर कामाला लागतात का? ते हायस्कूल कन्नड माध्यमाचे आहे आणि गावची प्राथमिक शाळा मराठी माध्यमाची, असे आहे का? सीमाभागात दुसरी शंका गंभीरपणे घ्यावी लागते, कारण तसे असेल तर आपण मोजलेले एक किलोमीटर हे त्या मुलींच्या दृष्टीने शाळेचे अंतर नव्हेच. त्यांची शाळा पुढच्या गावातले मराठी हायस्कूल आहे. रेषा हे सांगू शकत नाही, पण कोणत्या गावात जाऊन विचारायचे ते तिने दाखवले आहे.

पाचवी पायरी : संगणकाला नेमके विचारणे

एक्सेलसारख्या तक्त्याच्या प्रणालीत अंतर B स्तंभात आणि वर्षे C स्तंभात, दुसऱ्या ओळीपासून सातव्या ओळीपर्यंत लिहिली असतील, तर दोन सूत्रे पुरेशी आहेत :

```
=SLOPE(C2:C7,B2:B7)
=INTERCEPT(C2:C7,B2:B7)
```

कंसात आधी उभ्या अक्षावरचे आकडे आणि मग आडव्या अक्षावरचे, हा क्रम पाळावा. तो उलटा झाला तर संगणक तक्रार करत नाही. तो निमूटपणे −१.१८ हे उत्तर देतो, म्हणजे शिक्षणाच्या एका वर्षामागे हायस्कूल १.१८ किलोमीटर जवळ. हा त्याच रेषेचा उलटा आकडा आहे असे वाटू शकते, पण तसे नाही. −०.५ ला उलटे केले तर −२ यायला हवे होते. क्रम बदलल्यावर संगणक आडव्या दिशेच्या चुका कमी करू लागतो, आणि त्यातून वेगळीच रेषा निघते. सर्व बिंदू नेमके एका रेषेवर असतील तरच या दोन रेषा एक होतात.

सातवे गाव

आता ज हे गाव घ्या. ते जंगलाच्या आत आहे, हायस्कूल १९ किलोमीटरवर आहे, आणि तरीही मुलींच्या शिक्षणाची सरासरी ९ वर्षे आहे. सात गावांची सरासरी अंतर ७ आणि सरासरी वर्षे पूर्वीप्रमाणेच ९. पूर्वीचाच तक्ता नव्याने मांडला, तर गुणाकारांची बेरीज पुन्हा −२६ येते, कारण ज ची वर्षे सरासरीइतकीच असल्याने त्याचा गुणाकार शून्य आहे. वर्गांची बेरीज मात्र ५२ वरून २२० होते, आणि त्यांतले १४४ एकट्या ज चे असतात. उतार −०.१२ वर येतो. सहा गावांनी मिळून किलोमीटरमागे अर्धे वर्ष म्हटले होते. एका गावाने ते वर्षाच्या जेमतेम आठव्या हिश्शावर आणून ठेवले.

वजनांच्या भाषेत हे लगेच कळते. ज चे मत ‘उतार शून्य’ असे आहे आणि त्याचे वजन एकूण वजनाच्या ६५ टक्के आहे. लांब पहारीच्या टोकाला हात लावला की मोठा दगड हलतो, तसे हे टोकाचे गाव साऱ्या रेषेला हलवते. संख्याशास्त्रात अशा बिंदूला जास्त तरफबळ आहे असे म्हणता येईल. असे गाव क्वचितच आढळते, असे मानून निष्काळजी राहू नये. पश्चिम खानापुरात दाट जंगलातली थोडी गावे आणि सडकेकडेची पुष्कळ गावे अशीच रचना आहे, त्यामुळे अंतराच्या कोणत्याही अभ्यासात असे एखादे टोक येणारच.

आता कसोटीची गोष्ट. सर्वांत मोठा उरलेला फरक ज्याचा, ते गाव गडबड करणारे, असे अनेक जण समजतात. सात गावांच्या रेषेवरचे उरलेले फरक काढले तर सर्वांत मोठा ख चा आहे, २.४ वर्षांचा. ज चा फरक फक्त १.४ आहे आणि सातांत त्याचा क्रम पाचवा लागतो. ज्याने रेषा आपल्याकडे ओढून घेतली, तो रेषेच्या जवळच दिसणार. म्हणून उरलेल्या फरकांवरून असा बिंदू पकडता येत नाही. पकडण्याची साधी रीत अशी : एकेक गाव बाजूला ठेवून रेषा पुन्हा काढायची आणि उतार किती बदलला ते लिहून ठेवायचे. सात गावांसाठी हे सात वेळा करावे लागते, आणि तक्त्याच्या प्रणालीत त्याला फार वेळ लागत नाही.

गाव सापडले म्हणजे ते काढून टाकावे, असा अर्थ मात्र मुळीच नाही. आधी आकडा बरोबर लिहिला आहे का ते पाहावे, १.९ चे १९ होणे अगदी सोपे असते. तो बरोबर असेल, तर त्या गावात काय घडते ते विचारावे. इतक्या दूरच्या गावातल्या मुली कदाचित रोज ये-जा करतच नसतील. त्या बेळगावला मामाकडे किंवा वसतिगृहात राहून शिकत असतील, आणि म्हणून पाच किंवा पंचवीस किलोमीटरने त्यांना फारसा फरक पडत नसेल. तसे आढळले, तर आपली अडचण ज या गावाची नसून मापाची आहे : रोज जाऊन येणाऱ्यांसाठी अंतराचा जो अर्थ आहे, तो राहून शिकणाऱ्यांसाठी नाही, आणि दोघांना एकाच रेषेवर बसवण्याचा आग्रह धरणे चूक आहे.

सहा गावांची रेषाच खरी धरून तिला १९ किलोमीटरपर्यंत लांबवणेही तितकेच चुकीचे आहे. ती तेथे दोन वर्षे सांगते, म्हणजे मुली दुसरीतच शाळा सोडतात. पण गावात सातवीपर्यंत शाळा आहे. हायस्कूल कितीही दूर असले, तरी पहिल्या सात इयत्तांवर त्याचा थेट परिणाम होण्याचे कारण नाही. म्हणजे खरा संबंध सातच्या आसपास येऊन सपाट होत असावा, आणि च व छ या दोन्ही गावांची सरासरी सातच आहे, हीच त्याची खूण असू शकते. रेषा फक्त १ ते ९ किलोमीटरांच्या आतच बोलते, असे लिहून ठेवावे.

किती विश्वास ठेवायचा

आडव्या रेषेची वर्गांची बेरीज २२ होती आणि आपल्या रेषेची ९ झाली. कमी झालेले १३ भागिले २२ म्हणजे ०.५९, हाच आर-वर्ग. गावागावांतील शिक्षणाच्या फरकापैकी ५९ टक्के फरकाशी अंतराची सांगड बसते, एवढेच तो म्हणतो. सातवे गाव घातल्यावर तो ०.१४ वर घसरतो, म्हणून एकटा आर-वर्ग मिरवण्यात अर्थ नाही.

उताराची अनिश्चितता काढायला ९ ला ४ ने भागायचे, कारण सहा गावांपैकी दोन आकडे उतार आणि आंतरछेद ठरवण्यात खर्च झाले. २.२५ चे वर्गमूळ १.५, आणि त्याला ५२ च्या वर्गमूळाने भागले की ०.२१ ही उताराची प्रमाण त्रुटी मिळते. इतक्या थोड्या गावांसाठी ९५ टक्के विश्वासाची मर्यादा −१.०८ पासून ०.०८ पर्यंत जाते, म्हणजे तिच्यात शून्यही येते, आणि अंतराचा काहीच संबंध नसण्याची शक्यता एवढ्या आकड्यांवरून नाकारता येत नाही. शिवाय हे गणित गावे चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तरच लागू पडते; नातेवाईक जेथे आहेत ती गावे निवडली असतील, तर ही मर्यादा लिहूनच नये.

गावाचे विधान आणि मुलीचे विधान

आपला प्रत्येक बिंदू एक गाव आहे, एक मुलगी नव्हे. म्हणून ‘दूर राहणारी मुलगी कमी शिकते’ असे या रेषेवरून म्हणता येत नाही. हा केवळ शब्दांचा काटेकोरपणा नाही, हे रॉबिन्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५० मध्ये १९३० च्या तेथील जनगणनेवरून दाखवले. राज्यांच्या सरासऱ्या घेतल्या तर परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत निरक्षरता कमी दिसत होती : सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती सोबत बदलतात हे सांगणारा −१ ते १ मधला आकडा, −०.५३ होता. व्यक्ती व्यक्ती पाहिली तर उलटे होते : परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता किंचित जास्त, सहसंबंध ०.१२. स्थलांतरित लोक मुळातच जास्त साक्षर असलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते, म्हणून चिन्ह उलटले.

सीमाभागात हा सापळा नेहमी समोर असतो. गावातील मराठी भाषकांचे प्रमाण आडव्या अक्षावर आणि साक्षरता किंवा उत्पन्न उभ्या अक्षावर घेऊन रेषा काढली, तर तिचा उतार कोणत्याही दिशेला असो, त्यावरून ‘मराठी भाषक जास्त शिकतात’ किंवा ‘कमी शिकतात’ असे विधान निघत नाही. त्या गावांतील कन्नड भाषकांच्या शिक्षणामुळेही तोच उतार येऊ शकतो, किंवा बेळगाव शहराजवळची गावे एका बाजूला गोळा झाल्यामुळेही. व्यक्तीबद्दल बोलायचे असेल, तर प्रत्येक व्यक्ती हाच बिंदू हवा.

प्रबंधात लिहिताना

निकाल मांडताना आलेख आधी द्यावा, त्यावर सातही बिंदू दिसावेत, आणि दोन्ही रेषा काढाव्यात, ज गाव धरून एक आणि सोडून एक. खाली असा मजकूर पुरतो : ‘हायस्कूलपासून १ ते ९ किलोमीटर अंतरावरील सहा गावांत, एक किलोमीटर अधिक अंतरामागे तेथे वाढलेल्या मुलींचे सरासरी शिक्षण ०.५ वर्षाने कमी आढळले (प्रमाण त्रुटी ०.२१). १९ किलोमीटरवरील ज हे गाव धरल्यास हा आकडा ०.१२ होतो, त्या गावातील मुली बाहेर राहून शिकतात, म्हणून त्याचा विचार स्वतंत्रपणे केला आहे.’ शेवटचे वाक्य अर्थातच त्या गावात जाऊन विचारल्यानंतरच लिहायचे.